निरोप, चेतक!

आकुर्डीत बनलेली आमची चेतक आज अधिकृत भंगार केंद्रात चालली. टू-स्ट्रोक इंजिन, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळूनच भरायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम. जास्त झालं तर प्लगवर काजळी धरून गाडी बंद. त्यासाठी बाबांच्या डिकीत पाना आणि पॉलिश पेपर कायम असे. प्लग खोलून घासायचा, गाडी एका अंगाला कलंडवायची, मग किक. पुढे ताई उभी, मागे आई, तिच्या मांडीवर मी. दळणाच्या दिवशी ताईच्या जागी पिठाचा डबा. खूप केलंस गं आमच्यासाठी! आता केंद्राकडून प्रमाणपत्र घेऊन आरटीओत नोंदणी रद्द करायची, नाहीतर कागदोपत्री ती बाबांच्याच नावावर राहील.