मराठीत ठेवलेला फोन आणि बंद पडणारे अ‍ॅप

अ‍ॅप क्रॅश झाल्याचा ईमेल मिळाला की डेव्हलपर सर्वात आधी तोच बिघाड स्वतःच्या फोनवर घडवून पाहतो. तो घडला नाही, तर शोध बहुतेक वेळा तिथेच अडतो. ‘अ‍ॅप चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ एवढ्यावर त्याला काहीच करता येत नाही.

समजा, घरखर्च लिहिण्याचे एक अँड्रॉइड अ‍ॅप रक्कम नोंदवताना बंद पडते. उपयोगी पडेल असा मेल साधारण असा असतो:

विषय: खर्च जतन करताना अ‍ॅप बंद पडते (आवृत्ती 4.2.1)
१. अ‍ॅप उघडून ‘नवीन खर्च’ दाबले.
२. रकमेत 125.50 लिहिले.
३. ‘जतन करा’ दाबताच अ‍ॅप बंद झाले.
अपेक्षा: खर्च यादीत दिसावा.
पाचपैकी पाचही वेळा असेच घडले. शेवटची वेळ: आज सकाळी १०.४०.
फोन: Galaxy A15, SM-A155F, Android 14. फोनची भाषा मराठी. इंग्रजी केल्यावर अ‍ॅप नीट चालते.

या मेलमधले शेवटचे वाक्य सगळ्यात मोलाचे आहे. अँड्रॉइडमध्ये भाषा मराठी असली की आकडे आपोआप देवनागरीत उमटू शकतात; हिंदीत मात्र ते सहसा इंग्रजीच राहतात. त्यामुळे अ‍ॅपने दोन दशांश स्थळांपर्यंत मांडलेली रक्कम ‘१२५.५०’ अशी होते. पुढे हिशेबासाठी तिचीच पुन्हा संख्या करायला गेले, की जावा भाषेतली ही आज्ञा अडखळते:

```
Double.parseDouble("१२५.५०")
```

तिला देवनागरी अंक ओळखता येत नाहीत. ती `NumberFormatException` ही चूक दाखवते, आणि ती चूक कोणी झेलली नाही तर अ‍ॅप बंद होते. डेव्हलपरचा फोन इंग्रजीत असेल, तर त्याने शंभरदा रक्कम भरली तरी त्याला हा बिघाड दिसणार नाही.

मॉडेलचे नुसते नावही पुरत नाही. Galaxy A15 च्या 4जी आणि 5जी फोनांत प्रोसेसर वेगवेगळे आहेत, म्हणून SM पासून सुरू होणारा क्रमांक हवा. तो आणि अँड्रॉइडची आवृत्ती सेटिंग्जमधल्या ‘फोनविषयी’ या भागात मिळते. अ‍ॅपची आवृत्ती वेगळी असते. ती त्या अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर तळाशी सापडते. घटनेची वेळ दिल्याने, कंपनीकडे क्रॅशच्या नोंदी जमा होत असतील, तर त्यांतली नेमकी नोंद शोधता येते. स्क्रीनशॉट जोडताना खाते क्रमांक आणि ओटीपी झाकावेत.

दुरुस्ती छोटी असते: रक्कम मांडताना `Locale.US` सांगितले की अंक इंग्रजी राहतात. नवी आवृत्ती आल्यावर, फोनची भाषा पुन्हा मराठी करून, त्याच तीन पायऱ्यांनी ती तपासावी.