गाडी फायद्यात चालते की नुसतीच चालते? ट्रिपचा हिशेब असा लिहा

भिवंडीतल्या दोन भावांची एक दहाचाकी ट्रक आहे. मोठा भाऊ भाडं आणि पार्ट्या बघतो, धाकटा गाडीवर असतो. ट्रिप संपली की हातात राहिलेली रोकड मोजायची आणि घरात द्यायची, असा वर्षभर शिरस्ता होता. मग एके दिवशी सहा टायर एकदम बदलायची वेळ आली. बिल झालं १ लाख ३२ हजारांचं, आणि घरात तेवढे पैसे नव्हते. मोठा म्हणाला, "कमावलं ते गेलं कुठे?" धाकट्याला वाटलं, आपल्यावरच शक घेतला जातोय.

पैसे कुणीच खाल्ले नव्हते. हिशेब महिन्याचा होता, ट्रिपचा नव्हता, आणि टायर त्यात कुठेच नव्हते. त्यांची भिवंडी ते नागपूर आणि परत ही एक ट्रिप घेऊन बघू. आकडे समजायला सोपे म्हणून गोल केले आहेत.

ट्रिप म्हणजे जाणं आणि येणं

गाडी ठिकाणावरून निघाली की ट्रिप सुरू होते आणि परत ठिकाणावर आली की संपते. जातानाचं भाडं चांगलं म्हणून खूश व्हायचं आणि परत येताना गाडी रिकामी आली ते विसरायचं, यात फसगत होते. म्हणून डायरीत एका ट्रिपला एक पान द्या. वर तारीख आणि निघतानाचं किलोमीटर रीडिंग, खाली परतीचं रीडिंग. आपल्या ट्रिपमध्ये गाडी १,६४० किलोमीटर चालली आणि सहा दिवस लागले.

भाडं: मिळालेलं नाही, ठरलेलं लिहा

जाताना १६ टन माल, टनाला २,६०० रुपये, म्हणजे ४१,६००. येताना १५ टन, टनाला २,००० रुपये, म्हणजे ३०,०००. एकूण ७१,६००. परतीच्या मालाची दलाली १,००० आणि माल कमी भरला म्हणून पार्टीने कापलेले ६०० वजा केले की खरं भाडं ७०,००० राहतं.

यातले ११,६०० पार्टी बिल्टीची पोच हातात पडल्यावर देणार आहे. तरी ट्रिपच्या पानावर भाडं पूर्णच लिहायचं आणि ११,६०० त्या पार्टीच्या नावावर 'येणे' म्हणून वेगळ्या पानावर टाकायचे. नुसती हातात आलेली रक्कम लिहिली तर ही ट्रिप तोट्याची दिसेल आणि बाकी येईल तेव्हा चालू असलेली ट्रिप उगाच फायद्याची दिसेल. शिवाय येणे लिहिलेलं नसेल तर पोच हरवली तरी महिनाभर पत्ता लागत नाही.

डिझेल: फुल टाकी ते फुल टाकी

"निघताना वीस हजारांचं टाकलं" या नोंदीने काहीच कळत नाही. टाकीत आधीचं किती होतं, शेवटी किती उरलं, कोण सांगणार? निघताना टाकी फुल करा आणि परत आल्यावर पुन्हा फुल करा. वाटेत भरलेलं आणि शेवटी भरलेलं डिझेल मिळून या ट्रिपचा खर्च. आपल्या ट्रिपला ४०० लिटर लागलं. ९० रुपयांनी ३६,००० झाले, आणि ॲव्हरेज निघालं ४.१.

रुपयांइतकंच लिटर लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण भाव बदलतो. तोच रस्ता आणि तेवढाच माल असताना ॲव्हरेज ३.६ वर आलं तर साधारण ५५ लिटर, म्हणजे जवळपास पाच हजार रुपये जास्त गेले. पण लगेच ड्रायव्हरवर बोट ठेवू नका. टायरमधली हवा, एअर फिल्टर, नोझल, ब्रेक जाम होतोय का, हे आधी तपासा. हे सगळं ठीक असूनही सलग दोन-तीन ट्रिपमध्ये आकडा खालीच राहिला, तर मग पंपाच्या पावत्या एकेक करून मिळवा.

ड्रायव्हरचा ॲडव्हान्स खर्च नसतो

दोघा भावांची मोठी चूक इथेच होती. निघताना धाकट्याला १२,००० दिले आणि डायरीत 'खर्च १२,०००' लिहून मोकळे झाले. ॲडव्हान्स म्हणजे ड्रायव्हरकडे ठेवायला दिलेले आपलेच पैसे. खर्च किती झाला ते परतल्यावर ठरतं.

परतल्यावर हिशेब असा निघाला: हमाली ३,०००, सहा दिवसांचा भत्ता ३,६००, पंक्चर ४००, पार्किंग ५००. एकूण खर्च ७,५००. रोख परत केले १,५००. उरलेले ३,००० धाकट्याने वाटेतून बायकोला पाठवले होते. ते ट्रिपचा खर्च नाहीत, ती त्याची उचल आहे. ट्रिपमागे त्याचा पगार ४,००० ठरला आहे, त्यातून उचल वजा करून त्याला १,००० द्यायचे. उचल लिहिली नाही तर ३,००० दोनदा जातात, एकदा खर्चात आणि पुन्हा पगारात. मग काही महिन्यांनी दोघांपैकी कुणालाच आठवत नाही आणि मनात अढी बसते. ड्रायव्हर घरचा असो की बाहेरचा, परत आल्या दिवशीच त्याच्यासमोर पान लिहून त्याची सही घ्यावी.

टायर रोज झिजतो, बिल एकदाच येतं

नवा टायर २२,००० रुपयांचा. तो १ लाख किलोमीटर चालला, मग ६,००० देऊन रिमोल्ड केला आणि आणखी ४० हजार चालला असं धरू. म्हणजे २८,००० रुपयांत १ लाख ४० हजार किलोमीटर, किलोमीटरला २० पैसे. दहा टायरचे झाले २ रुपये. आपल्या ट्रिपच्या १,६४० किलोमीटरला ३,२८० रुपयांचे टायर झिजले. बिल आलं नाही म्हणून खर्च झाला नाही असं होत नाही.

तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल. जास्त माल, खराब रस्ता, चुकलेलं अलाइनमेंट यांनी टायर लवकर संपतो. म्हणून टायर बसवताना त्यावरचा नंबर, जागा आणि त्या दिवशीचं रीडिंग लिहून ठेवा. बदलताना कोणता किती चालला ते कळतं, आणि वाटेत कुणी टायर बदलून घेतला तर तेही पकडता येतं.

आता बेरीज

भाडं: ७०,०००
डिझेल: ३६,०००
टोल (फास्टॅग): ९,५००
वाटखर्च आणि भत्ता: ७,५००
ड्रायव्हरचा पगार: ४,०००
टायर: ३,२८०
ट्रिपची बचत: ९,७२०

गाडीचा हप्ता २८,००० आहे. विमा, टॅक्स, फिटनेस आणि ऑइल-सर्व्हिसिंगचा महिन्याचा वाटा ९,०००. म्हणजे महिन्याला ३७,००० निघायलाच हवेत. चार ट्रिप झाल्या तर ३८,८८० येतात आणि जेमतेम १,८८० उरतात. तीनच झाल्या तर ७,८४० खिशातून.

टायरची ओळ खोडली की चार ट्रिपचे १५,००० शिल्लक दिसतात. हेच पैसे दोघं भाऊ फायदा समजून घरात देत होते. त्यातले १३,१२० टायरचे होते.

आता ते प्रत्येक ट्रिपनंतर टायरचे पैसे वेगळ्या बँक खात्यात टाकतात. परतीचा माल किती भावाला घ्यायचा आणि कोणत्या भावाला नाही म्हणायचं, हे मोठा भाऊ आता जुनी पानं बघून ठरवतो. वाटणी ट्रिपच्या ट्रिपला होत नाही. महिन्याचा हप्ता गेल्यावर जे उरतं, तेवढंच दोघांत निम्मं-निम्मं होतं.