तडाखा कोणाचा, कोणावर?

एखाद्या सेनापतीने रणगाडे रस्त्यावर आणून सरकार उलथवले की इंग्रजी वर्तमानपत्रे त्याला ‘कू’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दप्रयोग ‘कू देता’. ‘कू’ म्हणजे तडाखा, ‘एता’ म्हणजे राज्यसंस्था. आज आपण हा तडाखा राज्यसंस्थेवर पडतो असे धरून चालतो. सुरुवातीला मात्र तो मारणारा हात राज्यकर्त्याचाच होता.

गाब्रिएल नोदे या ग्रंथपालाने 1639 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. राज्याच्या हितासाठी राजा कायदा आणि रीत बाजूला ठेवून, कोणाला सुगावा लागू न देता जे धाडस करतो, ते त्याच्या लेखी ‘कू देता’. 1572 मध्ये पॅरिसमध्ये झालेली प्रोटेस्टंटांची कत्तल त्याने याच सदरात घातली आणि वर तिचे समर्थनही केले. आजच्या वाचकाच्या अंगावर काटाच यावा.

पुढे अर्थ सरकत गेला, तरी जुनी छटा पुरती पुसली गेली नाही. लुई-नेपोलियन हा निवडून आलेला अध्यक्ष. राज्यघटनेप्रमाणे त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते. 1 डिसेंबर 1851 च्या रात्री सरकारी छापखान्यात पोलिसांच्या पहाऱ्यात जाहीरनामे जुळवायला घेतले. मजकुराचे तुकडे करून ते वेगवेगळ्या कामगारांना वाटले होते, म्हणजे आपण काय जुळवतो आहोत हे कोणालाच उमगू नये! उजाडण्यापूर्वी विरोधी पुढारी आणि सेनानी अंथरुणातून उचलले गेले. सकाळी पॅरिसच्या भिंतींवर कागद झळकले: विधानसभा बरखास्त. वर्षभरात हे अध्यक्षमहाशय सम्राट झाले. इथे सरकार उलथवणारा बाहेरचा नव्हता, सरकारचा प्रमुखच होता. नोदेला हे प्रकरण ओळखीचे वाटले असते.

‘लेसे-फेअर’ची गोष्ट थोडी मवाळ. शब्दशः अर्थ ‘करू द्या’. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने कापडाचा पन्हा किती, रंग कसा द्यायचा, इथपर्यंत नियम घालून दिले होते. “तुमच्यासाठी काय करू?” असे त्याने व्यापाऱ्यांना विचारले, तेव्हा लजान्द्र नावाच्या व्यापाऱ्याने “आम्हाला करू द्या” असे सुनावले, अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकात व्यापार-अधिकारी गूर्ने याच्यामुळे ही घोषणा गाजली, आणि वाटेत त्यातले ‘आम्हाला’ गळून पडले. एका धंद्याची तक्रार होती, तिचे सगळ्या अर्थव्यवस्थेसाठी तत्त्व झाले.

हे तत्त्व सर्रास ॲडम स्मिथच्या नावावर खपवले जाते. त्याच्या 1776 च्या गाजलेल्या ग्रंथात मात्र ‘लेसे-फेअर’ हा शब्दप्रयोग एकदाही आलेला नाही.