विश्लेषण : यंत्राची दुरुस्ती की सुधारणा? बिल एकाच यंत्राचे, हिशेब मात्र वेगळे का?

भोसरीतील एखाद्या छोट्या वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. भागीदारीत चालणाऱ्या या कारखान्यात पंधरा वर्षे जुनी सीएनसी लेथ आहे. वर्षभरात तिच्यावर चार मोठे खर्च झाले. कूलंट पंप, पट्टे आणि सर्व्हिसिंगला ३८ हजार रुपये गेले. स्पिंडलचे बेअरिंग बदलायला १ लाख ४० हजार लागले. जुना कंट्रोलर बंद पडला म्हणून नवा बसवला, त्याचे ६ लाख झाले. शिवाय सळ्या आपोआप पुढे सरकवणारा बार फीडर जोडला, तो साडेतीन लाखांचा. मालकाच्या लेखी हे सगळे ‘मशीनचे काम’. वर्षअखेरीला सीए मात्र चारही बिले समोर मांडून प्रत्येकाबाबत एकच प्रश्न विचारतो : मशीन होते तसे चालू केले, की त्यात काही नवे आणले?

या उत्तरावर त्या वर्षीचा प्राप्तिकर ठरतो.

फरक किती पडतो?

दुरुस्तीचा खर्च महसुली मानला जातो आणि तो त्याच वर्षीच्या नफ्यातून पूर्ण वजा होतो. सुधारणेचा खर्च भांडवली मानला जातो. तो यंत्राच्या किमतीत मिळवायचा आणि त्यावर दरवर्षी घसारा घ्यायचा. प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीसाठी घसाऱ्याचा दर १५ टक्के आहे आणि तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर मोजला जातो.

कंट्रोलरचेच ६ लाख घेऊ. भागीदारी संस्थेला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के पडतात. खर्च दुरुस्ती ठरला, तर त्या वर्षी १ लाख ८७ हजार २०० रुपये कर वाचतो. भांडवली ठरला, तर वजावट ९० हजारांची आणि वाचलेला कर २८ हजार ८० रुपये. कंट्रोलर त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर घसाराही निम्माच मिळतो. उरलेली रक्कम बुडत नाही, ती पुढच्या वर्षांत हळूहळू वजा होते. पण किती हळूहळू? पूर्ण दराने घसारा घेतला तरी पाच वर्षांनंतर सुमारे २ लाख ६६ हजार रुपये वजा व्हायचे बाकीच असतात. खिशातून सहा लाख आजच गेलेल्या लघुउद्योजकाला हा फरक जाणवतो.

कसोटी कोणती?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ३१ मध्ये यंत्राच्या ‘चालू दुरुस्ती’ची वजावट दिलेली होती. २०२५ च्या नव्या कायद्याने शब्दरचना आणि कलमांचे क्रमांक बदलले, हा भेद कायम ठेवला. ‘चालू दुरुस्ती’ म्हणजे काय, हे मात्र कायद्याने सांगितलेले नाही. ते न्यायालयांनी सांगितले आणि त्याची सुरुवात मुंबईतून झाली. न्यू शोरॉक स्पिनिंग या कापड गिरणीच्या प्रकरणात १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी घालून दिलेली कसोटी आजही वापरली जाते. तिचा आशय असा : हातात असलेली मालमत्ता राखण्यासाठी, टिकवण्यासाठी केलेला खर्च ही चालू दुरुस्ती. ज्या खर्चातून नवी मालमत्ता उभी राहते किंवा नवा, वेगळा फायदा पदरात पडतो, तो खर्च या व्याख्येबाहेर जातो.

या कसोटीत रकमेचा उल्लेख नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खर्च लाखात गेला की तो भांडवली, हा समज कारखान्यांत घट्ट बसलेला आहे. आपल्या लेथचे बेअरिंग महागडे खरे, पण ते बदलल्यावर लेथ पूर्वीइतक्याच अचूकतेने पूर्वीचेच काम करते. १ लाख ४० हजारांची ती दुरुस्तीच. कूलंट पंपाबद्दल तर वादच नाही. उलट बार फीडर लाखाच्या आत मिळाला असता, तरी तो भांडवलीच ठरला असता. त्याच्यामुळे कामगाराला प्रत्येक सळी हाताने लावावी लागत नाही आणि लेथ तासन्‌तास एकटी चालू शकते. हा फायदा आधी नव्हता.

‘यंत्र’ म्हणजे नेमके कोणते?

खरी गुंतागुंत इथे आहे. काहीतरी बदलले, एवढे कळून भागत नाही. बदलले ते अख्खे यंत्र, की यंत्राचा एक भाग, हे आधी ठरवावे लागते. सरवणा स्पिनिंग मिल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये हाच प्रश्न होता. गिरणीने जुन्या रिंग फ्रेम काढून नव्या बसवल्या होत्या आणि तो खर्च चालू दुरुस्ती म्हणून दाखवला होता. कापूस आत जातो आणि सूत बाहेर येते, ही एक सलग प्रक्रिया आहे. म्हणून अख्खी गिरणी हेच यंत्र आणि रिंग फ्रेम हा त्याचा एक भाग, असा गिरणीचा युक्तिवाद होता.

न्यायालयाने तो मानला नाही. कापूस पिंजणारे यंत्र वेगळे, पेळू ओढणारे वेगळे, शेवटी पीळ देऊन सूत कातणारी रिंग फ्रेम वेगळी. प्रत्येकात जाणारा माल वेगळा आणि बाहेर पडणारा मालही वेगळा. त्यामुळे रिंग फ्रेम हे स्वतंत्र यंत्र आहे आणि ते पूर्ण बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, असा निर्णय झाला. २००९ मध्ये श्री मंगयरकरसी मिल्सच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली.

घरातल्या उदाहरणाने सांगायचे, तर फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलणे ही दुरुस्ती, कारण कॉम्प्रेसर एकटा भाजी थंड ठेवत नाही. पण स्वयंपाकघरातला फ्रिजच बदलला आणि ‘स्वयंपाकघराची दुरुस्ती केली’ म्हटले, तर ते कोणाला पटणार?

सुधारणा झाली, तरीही दुरुस्ती?

सरवणाच्या ४० वर्षे आधीचा एक निकाल नेमका याच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. महालक्ष्मी टेक्स्टाइल मिल्सने आपल्या कताई यंत्रांवर ‘कॅसाब्लांका’ नावाची पद्धत बसवली होती. झिजलेल्या रोलर-स्टँड आणि रोलरच्या जागी रबरी पट्ट्यांची नवी रचना आली. खर्च ९३ हजार २१५ रुपये. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे, ही तर सुधारित यंत्रणा आहे. पण जुने भाग झिजले होते आणि तसेच भाग बाजारात मिळत नव्हते, ही बाब पुराव्याने सिद्ध झाली होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा खर्च चालू दुरुस्ती म्हणून मान्य केला. झिजलेला भाग बदलताना बाजारात मिळणारा भागच अधिक चांगला असेल, तर केवळ तेवढ्यामुळे दुरुस्तीची सुधारणा होत नाही. सरवणाच्या निकालाने हे मोडीत काढले नाही. जुने भाग न मिळणे हा अपवाद म्हणून त्यात राहिला.

मग आपल्या कंट्रोलरचे काय?

कंट्रोलर एकटा लोखंड कापू शकत नाही, म्हणजे तो लेथचा भाग आहे, स्वतंत्र यंत्र नव्हे. पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलची कार्डे आता मिळत नसतील, तर महालक्ष्मीचा निकाल मालकाच्या बाजूने उभा राहतो. नव्या कंट्रोलरला मेमरी जास्त आहे, तो संगणकाला जोडता येतो, असे अधिकारी म्हणेल. पण लेथ तेवढ्याच मापाचे जॉब तेवढ्याच वेळात करत असेल, तर माझ्या मते दुरुस्तीचा दावा भक्कम आहे. त्याच कामात मोठी स्पिंडल मोटर घातली किंवा एखादा नवा अक्ष जोडला, तर मात्र तो ढासळतो. कलम ३१ मध्ये २००३ च्या वित्त कायद्याने घातलेल्या स्पष्टीकरणाने, भांडवली स्वरूपाचा खर्च चालू दुरुस्तीत धरायचा नाही, हे स्पष्टच केलेले आहे.

अशा दाव्यांचा घात बहुतेक वेळा कायद्यापेक्षा बिलामुळे होतो. पुरवठादार आपली जाहिरात म्हणून बिलावर ‘मशीन अपग्रेडेशन आणि मॉडर्नायझेशन’ असे छापतो, कंट्रोलर आणि बार फीडर एकाच रकमेत टाकतो आणि दोन वर्षांनी तोच कागद अधिकाऱ्याच्या हातात असतो. दोन्ही कामांची बिले वेगळी घ्यावीत. जुने कार्ड कशाने गेले, याचा सर्व्हिस इंजिनिअरचा अहवाल आणि सुटे भाग मिळत नसल्याचे उत्पादक कंपनीचे पत्र त्याच वेळी मागून ठेवावे. बदलाआधीचे आणि नंतरचे उत्पादनाचे आकडेही उपयोगी पडतात. प्रकरण उभे राहिल्यावर असे कागद गोळा होत नाहीत.

जुने यंत्र विकत घेतले असेल तर?

इथे अनेक नवउद्योजक फसतात. सेकंडहँड लेथ स्वस्तात मिळाली आणि ती चालू करण्यासाठी बेअरिंग, वायरिंग, रंगकाम यांवर दोन लाख घातले, तर काम दुरुस्तीचेच असले तरी खर्च भांडवली ठरतो. यंत्र पहिल्यांदा वापरात येईपर्यंतचा असा खर्च त्याच्या किमतीचा भाग असतो. तेच बेअरिंग वर्षभर चालवून नंतर बदलले असते, तर वजावट पूर्ण मिळाली असती.

उलटा प्रकारही घडतो. बँकेकडून कर्ज हवे असते, नफा कमी दिसतो, मग दुरुस्तीची बिले ‘मशिनरी’ खात्यात ढकलली जातात आणि ताळेबंद गुटगुटीत दिसू लागतो. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने हेच अवाढव्य प्रमाणावर केले होते. रोजच्या कामकाजाचा ३.८ अब्ज डॉलरचा खर्च भांडवली दाखवल्याचे तिने जून २००२ मध्ये जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला.

वह्यांत एक, विवरणपत्रात दुसरे?

हे चालते. कंपन्यांच्या लेखा मानक १० नुसार मोठा आणि बरीच वर्षे टिकणारा भाग बदलला, तर त्याची किंमत मालमत्तेत धरून जुन्या भागाची उरलेली किंमत काढून टाकायची असते. म्हणजे वह्यांत भांडवली दाखवलेला कंट्रोलर प्राप्तिकरात चालू दुरुस्ती असू शकतो. वहीत नोंद कशी केली, यावरून वजावटीचा हक्क ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये केदारनाथ ज्यूटच्या प्रकरणात सांगितले आहे. विवरणपत्र भरताना या फरकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, एवढेच.