चिखलात झोपणारा मासा

पश्चिम आफ्रिकेत पावसाळा सरला की उथळ डबकी आटू लागतात आणि प्रोटोप्टेरस नावाचा लांबुळका मासा तळाचा चिखल तोंडाने चावत खाली शिरतो. चावलेली माती कल्ल्यांच्या फटींतून मागे टाकत तो बीळ खणतो. तळाशी पोचला की उलटा वळतो, तोंड वर करतो आणि शेपूट डोळ्यांवर ओढून घेतो.

पाणी संपलं की अंगातून सुटलेला चिकट स्राव वाळून त्याच्याभोवती पातळ तपकिरी कोष होतो. हा कोष सगळीकडून बंद असतो, फक्त ओठांपाशी एक बारीक नळी उघडी राहते. तिच्यातूनच श्वास चालतो. यात नवं काही शिकावं लागत नाही, कारण त्याचे कल्ले मुळातच दुबळे असतात. भर पाण्यातही तो हवा घ्यायला वर येतो, येऊ दिलं नाही तर चक्क बुडून मरतो!

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. एरवी तो शरीरातला विषारी अमोनिया पाण्यात सोडतो. कोषात ते शक्य नसतं, लघवीही थांबते. म्हणून यकृत अमोनियापासून कमी घातक युरिया बनवतं आणि तो महिनोन्‌महिने अंगातच साठत जातो. हृदय मंदावतं, स्वतःचेच स्नायू जाळून गुजराण चालते, मासा रोडावतो.

पाऊस पडून बिळात पाणी भरलं की श्वासाची वाट बुजते. मग धडपडत त्याला पृष्ठभाग गाठावाच लागतो. ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या भाऊबंदाला मात्र हा कोष विणता येत नाही.