धुऱ्यावरचं झाड किती कापूस खातं?

यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना बसच्या खिडकीतून बाहेर बघा. सप्टेंबर असेल तर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मधे तुरीची तासं आणि धुऱ्यावर अधूनमधून एखादं मोहाचं, कडुलिंबाचं किंवा बाभळीचं झाड. शहरातून आलेल्या मित्राला हे दृश्य भारी वाटतं. ज्याचं वावर आहे, त्याला मात्र त्या झाडाखालची दोन-तीन तासं दिसतात. तिथली पऱ्हाटी बाकीच्यांपेक्षा हात-दीड हात बुटकी असते, बोंडंही मोजकीच.

म्हणजे झाड पीक खातं, हे खरं. प्रश्न आहे किती खातं आणि बदल्यात काय देतं.

कॉलेजात पर्यावरणाच्या पेपरला ‘सावलीतली शेती’ हा मुद्दा आला की आपण सगळे एकच उदाहरण लिहून येतो, कॉफी. ते उदाहरण तसं खोटं नाही. कॉफीचं झुडूप मुळात जंगलातल्या मोठ्या झाडांखाली वाढणारं. थोडी सावली त्याला मानवते. कर्नाटकात कोडगू, चिकमगळूर भागात मोठ्या झाडांखाली कॉफी घेतात, आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही ती होते. पश्चिम घाटातल्या कॉफीच्या मळ्यांत पक्षी मोजले गेले, त्याचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. शंभराहून जास्त जातींचे पक्षी त्यात सापडले आणि त्यातले बरेचसे जंगलावर अवलंबून असणारे होते. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर कोकोच्या बागांचाही असाच अभ्यास झाला. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांच्या बागांत जीवजाती जास्त म्हणून उत्पादन कमी, असा सरळ संबंध दिसलाच नाही. ही बातमी 2011 ची.

हे वाचून कुणीही म्हणेल, मग यवतमाळातही झाडं लावा की! इथेच थांबायला हवं. कॉफी आणि कोको ही सावलीतून आलेली पिकं आहेत. कापूस उन्हाचा पोर आहे. त्याला सावली लागली की तो उंच, शेलाटा होतो, पाती गळतात, बोंडं कमी धरतात. त्यामुळे कॉफीच्या अभ्यासांचे निष्कर्ष उचलून पऱ्हाटीवर चिकटवता येत नाहीत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचं पक्षीस्नेही कॉफीसाठी एक प्रमाणपत्र आहे. त्यात मळ्यावर किमान चाळीस टक्के सावली हवी अशी अट आहे. ती अट कापसाला लावली तर काय होईल? एकरी पाच क्विंटल कापूस होतो असं धरा आणि सावलीत तो निम्मा होतो असंही धरा. चाळीस टक्के जागेवर निम्मं नुकसान म्हणजे एकूण वीस टक्के, पाचातला एक क्विंटल गेला. कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगून बघा, तो तुम्हाला चहा पाजेल आणि विषय बदलेल.

आता तेच गणित धुऱ्यावर करू. एक एकर म्हणजे साधारण चार हजार चौरस मीटर. धुऱ्यावर पाच मोठी झाडं आहेत आणि प्रत्येकाचा घेर बुंध्यापासून चार मीटरपर्यंत जातो. झाड धुऱ्यावर असल्यामुळे अर्धाच घेर आपल्या वावरात येतो, म्हणजे झाडामागे पंचवीस चौरस मीटर. पाच झाडांचे सव्वाशे. एकराच्या तीन टक्के. तिथे पीक निम्मं झालं तर एकूण तोटा दीड टक्का, पाच क्विंटलमागे साडेसात किलो. पण मुळं घेराच्या बाहेरही जातात, म्हणून वाईट धरून चालू. परिणाम आठ मीटरपर्यंत पोचतो असं माना. तेव्हा तोटा सहा टक्क्यांवर जातो, म्हणजे तीस किलो. 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. त्या भावानं पाच झाडांची किंमत एकरी साडेपाचशे ते सव्वादोन हजार रुपये. कमी नाही, पण एक क्विंटलही नाही. (हा हिशेब मी कागदावर मांडलाय. तुमच्या वावरात आकडे वेगळे निघतील, पद्धत हीच राहील.)

तोटा सावलीमुळे होतोय की मुळांमुळे, हे ओळखता येतं आणि ओळखायलाच हवं, कारण उपाय वेगळे आहेत. यवतमाळ साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जून-जुलैत दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली झाडाखालीच पडते. ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि सावली उत्तरेकडे लांब व्हायला लागते. आठ मीटर उंच झाडाची भर दुपारची सावली ऑक्टोबरच्या मध्याला साडेचार मीटरच्या आसपास असते, डिसेंबरच्या शेवटी पावणेआठ मीटर. बोंडं भरण्याचा आणि फुटण्याचा काळही हाच. म्हणून झाडाच्या फक्त उत्तरेकडची पऱ्हाटी शेलाटी दिसत असेल तर दोष सावलीचा, खालच्या फांद्या छाटल्या की बराच फरक पडतो. पण दक्षिणेकडची, दिवसभर उन्हात असलेली पऱ्हाटीही तेवढीच खुरटली असेल आणि पाऊस संपल्यावर दुपारी लवकर कोमेजत असेल, तर भांडण पाण्याचं आहे. तिथे छाटणीनं फारसं भागत नाही. झाड आणि पीक यांच्या मधून खोल चर काढून वरची मुळं तोडावी लागतात.

यातून एक गंमत निघते. झाड वावराच्या उत्तर धुऱ्यावर असेल तर हिवाळ्यात त्याची सावली शेजाऱ्याच्या वावरात पडते. दक्षिण धुऱ्यावर असेल तर आपल्याच. म्हणजे फळं-लाकूड एकाचं आणि तोटा दुसऱ्याचा, असंही होऊ शकतं. विदर्भात धुऱ्याची भांडणं कशावरून पेटतात हे गावाकडच्या पोरांना सांगायला नको.

आता दुसरी बाजू. झाडानं दिलं काय? मोहाची फुलं, चिंच, आंबे, जळण हे घरात येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो पक्ष्यांचा मामला. कापसावर आणि तुरीवर उघड्यावर फिरणाऱ्या अळ्या आणि उडते किडे कोतवाल टिपतो. त्याला बसायला उंच जागा लागते, म्हणून तर कृषी विभागाचे लोक पिकात पक्षीथांबे, म्हणजे इंग्रजी टी आकाराच्या काठ्या, रोवायला सांगतात. ज्याच्या धुऱ्यावर झाड आहे त्याच्याकडे हा थांबा आयताच उभा आहे. पण काठीवर पक्षी बसतो, राहत नाही. उंदीर खाणारा पिंगळा आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ, हे दोघं झाडाच्या ढोलीत घरटं करतात. ढोली जुन्या मोहाला, जुन्या आंब्याला असते. धुऱ्यावर लावलेल्या दहा वर्षांच्या सागाला ती नसते. ‘एकरी इतकी झाडं’ असा आकडा म्हणूनच फसवा आहे. सरळसोट सागाची पन्नास रोपं एका म्हाताऱ्या मोहाची जागा घेत नाहीत, निदान पिंगळ्यासाठी तरी नाही.

पक्ष्यांकडून फार अपेक्षाही नको. कोस्टा रिकात पक्ष्यांमुळे कॉफीच्या फळात शिरणाऱ्या भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव जवळपास निम्मा झाल्याचं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं. तो भुंगेरा फळात शिरताना उघड्यावर सापडतो. आपल्याकडची गुलाबी बोंडअळी मात्र अंड्यातून निघाली की लगेच बोंडात जाते आणि आतच खात बसते. कोतवाल तिला काढणार कुठून? धुऱ्यावर झाड आहे म्हणून गुलाबी अळी आटोक्यात राहील, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. घाना आणि उत्तर भारतातल्या शेतांचा अभ्यास 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याचं म्हणणं असं, की पक्षी आणि झाडांच्या बहुसंख्य जातींना शेतातली तुरळक झाडं पुरत नाहीत. त्यापेक्षा थोड्या जमिनीवर भरपूर पिकवा आणि उरलेलं जंगल तसंच राखा. यवतमाळात हे पटतं. टिपेश्वर अभयारण्य सुमारे 148 चौरस किलोमीटर आहे. तिथले दाट जंगलातले पक्षी धुऱ्यावरच्या बाभळीवर संसार थाटणार नाहीत. धुऱ्यावरची झाडं जंगलाला पर्याय नाहीत, ती शेतातच राहू शकणाऱ्या जिवांसाठी आहेत.

शेतात किती ‘जंगल’ हवं, याला इथे आणखी एक धार आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात 2018 मध्ये अवनी वाघिणीचं प्रकरण झालं. तेरा जणांच्या मृत्यूशी तिचं नाव जोडलं गेलं आणि नोव्हेंबरात तिला गोळी घातली गेली. ती शेतं, झुडपं आणि वनाचे तुकडे अशा मिश्र भागात वावरत होती. त्या गावांतल्या कास्तकाराला ‘वावरात झाडोरा वाढवा’ म्हणणं सोपं नाही. पण नीट बघितलं तर इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रानडुक्कर आणि मोठं जनावर लपतं ते खालच्या दाट झुडपात, दहा फुटांवरून सुरू होणाऱ्या फांद्यांत नाही. खालच्या फांद्या छाटून धुरा मोकळा ठेवला आणि वरचा माथा जुना राहू दिला, तर पिंगळा राहतो आणि नजरही आरपार जाते. तोटा असा, की तित्तर आणि मुंगसासारखे झुडपातले जीव त्यात जातात. फुकट काहीच मिळत नाही.

तरी हा सगळा हिशेब उभ्या असलेल्या झाडाचा झाला. नवं झाड उगवतं तेव्हा काय होतं? महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार मोह, साग, आंबा, चिंच अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू चांगला आहे. पण उद्या अडचण झाली तर कागदपत्रं घेऊन फिरावं लागेल, हे ज्याला माहीत आहे तो मोहाचं बोटभर रोप धुऱ्यावर दिसलं की डवरणीच्या वेळीच उपटून टाकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी गावी गेलात तर धुऱ्यावरची मोहाची झाडं मोजा आणि त्यात मांडीपेक्षा बारीक बुंध्याची किती आहेत तेही बघा.