अडलेलं टोक काय सांगतं?

कागदावर काही बिंदू काढा आणि त्यांतल्या काही जोड्या रेषांनी जोडा. अट एवढीच, की प्रत्येक बिंदूपासून निदान तीन रेषा निघाल्या पाहिजेत आणि त्या तीन वेगवेगळ्या बिंदूंकडे गेल्या पाहिजेत. बाकी सगळं तुमच्या मर्जीवर. बिंदू दहा घ्या किंवा दहा हजार, रेषा सरळ काढा किंवा वाकड्या, त्या एकमेकींना छेदल्या तरी हरकत नाही. तुमचा कागद न पाहताही एक गोष्ट खात्रीनं सांगता येते. त्या आकृतीत सलग तीन रेषांचा असा मार्ग असणारच, ज्यात एकही बिंदू दुसऱ्यांदा येत नाही. अटीत तीनऐवजी पन्नास म्हटलं, तर पन्नास रेषांचा मार्ग असणार.

अशा आकृतीला गणितात ग्राफ म्हणतात. कोणता बिंदू कागदावर कुठे आहे याला इथे महत्त्व नाही. कोण कोणाला जोडलेला आहे, एवढंच पाहायचं. रेषेनं थेट जोडलेल्या दोन बिंदूंना आपण शेजारी म्हणू. एखाद्या बिंदूला जितके शेजारी, तितकी त्याची डिग्री. मग आपलं विधान असं होतं: ज्या ग्राफमध्ये प्रत्येक बिंदूला निदान k शेजारी आहेत, त्यात k रेषांचा मार्ग असतो. मार्ग म्हणजे बिंदूची पुनरावृत्ती न करता एका रेषेवरून पुढच्या रेषेवर जात केलेली वाटचाल.

पहिल्यांदा वाचताना हे विधान जरा संशयास्पद वाटतं. अट आहे ती प्रत्येक बिंदूच्या अगदी जवळपासच्या परिस्थितीबद्दल, आणि निष्कर्ष आहे तो लांबवर जाणाऱ्या मार्गाबद्दल. ग्राफ लाखो तऱ्हांनी काढता येतो, मग त्या सगळ्यांत मार्ग सापडेलच याची हमी कशी द्यायची? सिद्धता मात्र चार-पाच वाक्यांत संपते. तिची युक्ती ही, की k लांबीचा मार्ग शोधत बसायचंच नाही. ग्राफमधला सगळ्यांत लांब मार्ग कोणता, हे विचारायचं आणि त्याच्या टोकाकडे बघायचं.

सगळ्यांत लांब मार्ग असतो, याबद्दल शंका नको. बिंदू मोजके आहेत आणि मार्गात कुठलाच बिंदू परत येत नाही, म्हणून शक्य असलेले मार्गही मोजकेच आहेत. त्यांतला एक, किंवा बरोबरीचे काही, सर्वांत लांब असणारच. असा एक मार्ग घ्या आणि त्याच्या शेवटच्या बिंदूवर उभे राहा. या बिंदूला निदान k शेजारी आहेत. त्यांतला एखादा मार्गाच्या बाहेर असता, तर आपण एक पाऊल टाकून त्याच्याकडे गेलो असतो आणि मार्ग आणखी लांब झाला असता. पण हा मार्ग तर सर्वांत लांब आहे. म्हणजे शेवटच्या बिंदूचे सगळेच्या सगळे शेजारी आधीच मार्गावर आहेत. ते k शेजारी आणि तो स्वतः, असे निदान k + 1 बिंदू मार्गावर झाले. k + 1 बिंदूंच्या मार्गात k रेषा असतात. सिद्धता पूर्ण झाली.

आता ही वाक्यं पुन्हा नीट वाचली, तर एक गोष्ट लक्षात येते. मार्ग सर्वांत लांब आहे, या माहितीचा आपण फारच थोडा उपयोग केला. वापरलं ते एवढंच, की शेवटच्या टोकापुढे पाऊल टाकायला नवीन बिंदू उरलेला नाही. म्हणजे मार्ग त्या टोकाला अडलेला असला, तरी पुरे.

हा फरक घनाच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. लुडोचा फासा डोळ्यांपुढे आणा. त्याचे आठ कोपरे हे आपले बिंदू आणि बारा कडा या रेषा. प्रत्येक कोपऱ्यात तीन कडा मिळतात, म्हणून k = ३. खालच्या चौकोनाच्या कोपऱ्यांना ओळीनं १, २, ३, ४ म्हणू. त्यांच्या बरोबर वरचे कोपरे अनुक्रमे ५, ६, ७, ८, म्हणजे १ च्या वर ५, २ च्या वर ६ असे.

५ पासून निघू आणि फारसा विचार न करता पुढे जात राहू: ५, ६, २, ३, ४, १. आता आपण १ वर आहोत. त्याचे शेजारी २, ४ आणि ५. तिन्ही आधीच येऊन गेलेले, म्हणून पुढे जायला जागा नाही. मार्ग अडला. त्यात सहा कोपरे आहेत आणि पाच कडा. आपल्या विधानानं हमी दिली होती तीनची, ती पाळली गेली.

पण हा मार्ग घनातला सर्वांत लांब मार्ग नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ५ कडे पाहा. ५ चा शेजारी ८ अजून मोकळा आहे आणि ८ च्या पलीकडे ७ सुद्धा. त्या बाजूनं वाढवला, तर मार्ग होतो ७, ८, ५, ६, २, ३, ४, १. आठही कोपरे आले, सात कडा झाल्या. तेव्हा एका टोकाला अडणं आणि सर्वांत लांब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या विधानाला पहिली पुरते.

व्यवहारात या फरकाला मोठं महत्त्व आहे. एखाद्या मोठ्या ग्राफमधला सर्वांत लांब मार्ग खरोखर शोधणं फार अवघड आहे. सगळ्या बिंदूंतून एकदाच जाऊन सुरुवातीला परतणारी बंद फेरी आहे की नाही, हा त्याचाच सख्खा भाऊ असलेला प्रश्न रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या २१ कठीण प्रश्नांच्या यादीत आहे. अशा प्रश्नांना प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. k रेषांच्या मार्गासाठी मात्र यातलं काहीच करावं लागत नाही. कुठूनही निघा, मोकळा शेजारी दिसेल तिकडे जा, आणि अडलात की थांबा. k रेषा होण्याआधी तुम्ही अडूच शकत नाही, कारण तोवर मागे टाकलेले बिंदू k पेक्षा कमी असतात आणि उभे आहात त्या बिंदूला शेजारी निदान k असतात.

घनात हमी तीनची असताना पाच कडा मिळाल्या, हा योगायोग नव्हे. कोपरे आळीपाळीनं काळे-पांढरे रंगवा, म्हणजे प्रत्येक कडेचं एक टोक काळं आणि दुसरं पांढरं येईल. अडलेलं टोक पांढरं असेल, तर त्याचे तिन्ही शेजारी काळे. मार्गावर रंग एकाआड एक येतात, म्हणून त्या तीन काळ्यांच्या मधे निदान दोन पांढरे हवेतच. तीन, दोन आणि टोक मिळून सहा कोपरे, पाच कडा. ज्या ज्या ग्राफला असं दोन रंगांत रंगवता येतं, तिथे याच हिशेबानं k ऐवजी 2k − 1 रेषांची हमी मिळते.

मग सर्वसाधारण विधानातही k पेक्षा मोठा आकडा का लिहू नये? कारण k + 1 बिंदू घेऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडलं, तर सगळ्यांना बरोबर k शेजारी मिळतात, आणि एकूण बिंदूच k + 1 असल्यानं मार्गात k हून अधिक रेषा येऊ शकत नाहीत. असे हजार गट शेजारी शेजारी काढले आणि एकमेकांना जोडले नाहीत, तर बिंदू हजारपट होतात, मार्ग मात्र तेवढाच राहतो. नुसत्या बिंदूंच्या संख्येनं मार्ग लांबत नाही.

अटीतला प्रत्येक शब्दही जपावा लागतो. दोनच बिंदू घेऊन त्यांच्यामध्ये पन्नास समांतर रेषा काढल्या, तर प्रत्येकाला पन्नास रेषा आल्या, पण मार्ग एकाच रेषेचा. म्हणून सुरुवातीला वेगवेगळ्या बिंदूंकडे जाणाऱ्या रेषा असं म्हटलं. सिद्धतेत मोजले गेले ते शेजारी, रेषा नव्हेत. तसंच ‘प्रत्येक’ हा शब्द गाळून चालत नाही. मध्ये एक बिंदू आणि त्याला जोडलेले शंभर सुटे बिंदू, अशा चांदणीत मधल्याला शंभर शेजारी आहेत, पण सर्वांत लांब मार्ग दोनच रेषांचा. तो ज्या टोकाला अडतो, त्या टोकाला एकच शेजारी असतो.

ज्याला मार्ग खरोखरच सर्वांत लांब लागतो, असा निष्कर्षही याच वाटेवर पुढे भेटतो. गॅब्रिएल डिरॅक यांनी १९५२ मध्ये सिद्ध केलं, की n बिंदूंच्या ग्राफमध्ये (n निदान ३) प्रत्येकाला निदान n/2 शेजारी असतील, तर सगळ्या बिंदूंतून एकदाच जाणारी बंद फेरी असते. इथेही सर्वांत लांब मार्ग घ्यायचा, पण त्याच्या दोन्ही टोकांकडे एकदम पाहायचं. दोन्ही टोकं अडलेली, म्हणून दोघांचेही सगळे शेजारी मार्गावरच.

आता मार्गावरच्या रेषांवर खुणा करू. पहिल्या टोकाचा प्रत्येक शेजारी घेऊन त्याच्या आधीच्या रेषेवर एक खूण, आणि शेवटच्या टोकाचा प्रत्येक शेजारी घेऊन त्याच्या पुढच्या रेषेवर एक खूण. खुणा निदान n झाल्या, आणि मार्गात रेषा तर फार तर n − 1. तेव्हा एका तरी रेषेवर दोन खुणा पडल्या. ती रेषा काढून टाका आणि दोन्ही टोकांना आपापल्या त्या शेजाऱ्याशी जोडा. मार्गावरच्या सगळ्या बिंदूंची बंद फेरी तयार होते.

फेरीबाहेर एखादा बिंदू उरला असेल, तर? फेरीवर निदान n/2 + 1 बिंदू आहेत, म्हणून बाहेर n/2 पेक्षा कमी. बाहेरच्या बिंदूला n/2 शेजारी हवेत, तेव्हा त्याचा एक तरी शेजारी फेरीवर आहे. फेरी तिथे तोडून हा बिंदू टोकाला जोडला, की आधीच्यापेक्षा लांब मार्ग मिळतो. सर्वांत लांब मार्गाहून लांब मार्ग असू शकत नाही, म्हणून बाहेर कोणीच उरलेलं नाही. घनात मार्ग एका टोकाला अडल्यावरही दोन कोपरे बाहेर राहिले होते. डिरॅक यांच्या सिद्धतेत नुसतं अडणं पुरत नाही ते याचसाठी.